मदत हवी आहे: काळी केलेली नावे पीडीएफमधून पुन्हा बाहेर आली, आता काय करावे?

उदगीरची अनुवादक

नमस्कार. मी उदगीर येथे राहून गेली नऊ वर्षे वकिलांसाठी मराठीतून इंग्रजीत कागदपत्रांचा अनुवाद करते. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करणाऱ्या एका वकिलांनी मागील आठवड्यात ८६ पानांचे काम दिले. महिलेवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातील अपिलाचे हे कागद असून त्यांत फिर्याद, जबाब, घटनास्थळाचा पंचनामा आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल आहे. मुदत सहा दिवसांची असल्याने ३२ पाने परभणीच्या एका सहकारी अनुवादकाकडे द्यायचे मी वकिलांना विचारूनच ठरवले. नावे झाकून देण्याच्या अटीवर त्यांनी होकार दिला.

मी स्कॅन केलेली पाने ओसीआर करून वर्डमध्ये घेतली, प्रत्येक नावावर काळा हायलाइट दिला, पीडीएफ केली आणि पाठवली. अर्ध्या तासात सहकाऱ्यांचा फोन आला, "ताई, तुम्ही झाकलेली नावे मला सगळी वाचता येत आहेत." त्यांनी मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवला होता आणि काळ्या पट्ट्यांखालचे प्रत्येक नाव तेथे जसेच्या तसे उमटले होते. त्यांनी फाइल काढून टाकल्याचे सांगितले व माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरीही माझे प्रश्न दोन आहेत. नावे खरोखर नाहीशी करण्याची भरवशाची पद्धत कोणती, आणि हा प्रकार वकिलांना सांगावा का?

शंकर डीटीपी, लातूर

ताई, एवढे मनाला लावून घेऊ नका, हे आमच्याकडेही झाले आहे. हायलाइट म्हणजे अक्षरांवर टाकलेला रंग असतो, अक्षरे खाली तशीच राहतात. उपाय सोपा आहे. वर्डमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ने प्रत्येक नावाच्या जागी क, ख, ग अशी अक्षरे घाला आणि मग पीडीएफ करा. शिवाय पीडीएफला पासवर्ड लावा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा, ते कूटबद्ध असते, मध्ये कोणी वाचू शकत नाही.

जुना मुनीम, नांदेड

शंकरराव, नावाच्या जागी खूण घालण्याचा तुमचा सल्ला बरोबर आहे, पण बाकीच्या दोन गोष्टी येथे उपयोगी नाहीत. पासवर्ड बाहेरच्या माणसाला अडवतो. येथे ज्याच्यापासून नाव झाकायचे आहे, त्यालाच पासवर्ड द्यावा लागणार. व्हॉट्सॲपची वाट सुरक्षित असली तरी फाइल दोन्ही टोकांच्या फोनमध्ये उतरते, आणि फोनचा बॅकअप कोठे जातो हे बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते.

खरी अडचण ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये आहे, आणि ती आपल्या भाषेमुळे आहे. समजा गावाचे नाव तुळजापूर आहे. तुम्ही ‘तुळजापूर’ शोधले की ‘तुळजापूरला’ सापडते, पण ‘तुळजापुरात’ आणि ‘तुळजापुराहून’ सापडत नाही, कारण तेथे पू ऱ्हस्व झालेला असतो. समजा आडनाव शिंदे आहे. ‘शिंदे यांनी’ सापडेल, पण जबाबात साक्षीदार बोलतो तसे लिहिलेले असते, म्हणून ‘शिंद्याच्या शेतात’ आणि ‘शिंद्यांच्या घरी’ निसटते. एकाच जबाबात ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ अशी दोन्ही लेखने तर मी दर महिन्याला पाहतो. म्हणून पूर्ण शब्द शोधायचा नाही. ‘शिंद’, ‘तुळजाप’ असा न बदलणारा तुकडा शोधायचा आणि सापडलेली प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदलायची. ‘ऑल’ बटण दाबायचे नाही, अन्यथा एखाद्या निरपराध शब्दाचेही डोके उडते. मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक देवनागरी व इंग्रजी अशा दोन्ही अंकांत शोधावे लागतात.

आणखी एक सापळा आहे. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर आत मराठी नसून इंग्रजी कळांची अक्षरे साठवलेली असतात. तेथे मराठीत शोधले की काहीच सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात फाँट बदलणारी कोणतीही साधी सुविधा वापरून तो मजकूर कोणालाही वाचता येतो.

उदगीरची अनुवादक

मुनीमजी, मनापासून आभार. माझ्या फाइलमध्ये तुकड्याने शोधल्यावर आधी न सापडलेल्या अकरा जागा मिळाल्या, त्यांपैकी चार एकट्या पंचनाम्यात होत्या. पण क, ख, ग लावले तर इंग्रजीत अनुवाद करताना सहकाऱ्यांना ती स्त्री की पुरुष हे कसे कळणार?

जुना मुनीम, नांदेड

म्हणूनच मी क, ख, ग वापरत नाही. मी ‘स्त्री-१’, ‘पुरुष-३’, ‘गाव-२’ अशा खुणा लावतो. नात्याची खूण मात्र घालत नाही, कारण ‘पीडितेची आई’ हे मुळातच मजकुरात येते. विभक्ती खुणेबाहेर ठेवतो. उदाहरणार्थ, मूळ वाक्य ‘शिंद्यांच्या सुनेने मला तुळजापुरात पाहिले’ असे असेल तर ते ‘[पुरुष-३]च्या सुनेने मला [गाव-२]मध्ये पाहिले’ असे होते. कोणती खूण कोणाची, ही यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल माझ्याच संगणकावर असते आणि सहकाऱ्याकडे कधीच जात नाही. अनुवाद परत आला की यादीवरून नावे भरतो. नावांची इंग्रजी स्पेलिंगे एकाच हाताने लागल्याने सगळ्या कागदांत सारखी राहतात, हा त्यातला अनपेक्षित फायदा आहे.

पीडीएफच पाठवायची असेल तर खुणा लावलेल्या वर्डवरून नवी पीडीएफ करावी, जुन्या पीडीएफवर काळी चौकट ओढू नये. मूळ पानाचे चित्र दाखवणे भाग असेल तर लिबरऑफिसमध्ये ‘रिडॅक्ट’ नावाची सोय आहे. ती पाने चित्रांत बदलून निर्यात करते, त्यामुळे खाली मजकूर उरत नाही. सशुल्क ॲक्रोबॅटमध्येही ही सोय आहे, पण तेथे खूण करून ‘अप्लाय’ न दाबणारे लोक मी पाहिले आहेत. खूण दिसते, मजकूर तसाच राहतो.

पाठवण्याआधी एक मिनिट हे करून पाहावे:

```
pdftotext kagad.pdf - | grep -n "शिंद"
```

काही आले तर नाव आत आहे. काही आले नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण मराठी पीडीएफमधून मजकूर बऱ्याचदा मोडलेल्या अक्षरांत निघतो आणि शोध चुकतो. म्हणून सगळे निवडून नोटपॅडमध्ये चिकटवणे, ही तुमच्या सहकाऱ्याने केलेली चाचणीच शेवटची मानावी.

आता मला एक विचारायचे आहे. ओसीआर कोठे केलात?

उदगीरची अनुवादक

एका मोफत संकेतस्थळावर. पाने चढवली आणि वर्ड उतरवून घेतले. सहकाऱ्यांपासून नावे झाकण्याची एवढी धडपड मी केली आणि पूर्ण, न झाकलेली पाने त्याआधीच कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवून आले, हे आता लिहिताना लक्षात येत आहे.

मोडीवाचक, बीड

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी निजामकाळातील उर्दू आणि मोडी नोंदींचे वाचन करून देतो. कुणबी नोंदी शोधण्याचे काम २०२३ पासून वाढल्यावर माझ्याकडे खासरा पत्रकांच्या प्रतींसोबत घराण्यांच्या वंशावळी येऊ लागल्या. जुन्या नोंदीतील मृत माणसांची नावे झाकायची की नाही, असा ताईंचा प्रश्न असावा असे मला वाटते. मी ती झाकत नाही. तेथे नातेच त्या नावांवरून सिद्ध करायचे असते.

उदगीरची अनुवादक

मोडीवाचक सर, माझा प्रश्न हयात व्यक्तींविषयी आणि चालू खटल्याविषयी आहे, जुन्या नोंदींविषयी नाही.

मोडीवाचक, बीड

क्षमस्व, घाईत वाचले. पण माझ्याही वंशावळींच्या शेवटच्या दोन पिढ्या हयात असतात, आणि अर्जदार सोबत चुलत भावांची आधार कार्डेही पाठवतो. ती मला लागत नाहीत. आजपासून परत करीन.

खंडपीठाची वाट (वकील)

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. पीडितेची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होता. सहकाऱ्याकडे फाइल जाणे म्हणजे ‘प्रसिद्ध करणे’ नव्हे, असे माझे वैयक्तिक मत आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात एवढे स्पष्ट केले आहे की केवळ नाव नव्हे, तर जिच्यावरून ओळख लागेल अशी कोणतीही माहिती लोकांपुढे येता कामा नये. त्यामुळे लहान गावात ‘सरपंचांची भाची, वय १९, कापूस वेचणीस जाताना’ एवढे शिल्लक असेल तर नाव काढून फारसे काही साधत नाही, आणि हा मजकूर पुराव्याचा भाग असल्याने अनुवादातून काढताही येत नाही. अशी पाने खुणा लावूनही बाहेर देऊ नयेत. ताईंनी ती स्वतःकडे ठेवून वैद्यकीय अहवालाचा तांत्रिक भाग किंवा नकाशाचे वर्णन सहकाऱ्यांकडे द्यावे.

दुसरे म्हणजे, अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचे संरक्षण वकिलाच्या दुभाष्याला आणि कर्मचाऱ्यालाही लागू होते. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२७ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. कागदांचा अनुवाद करणारा त्यात किती बसतो यावर वाद होऊ शकतो, पण तुम्ही स्वतःला त्याच बंधनात धरून चालावे. त्यामुळे वकिलांना सांगावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘होय, आजच’ असे आहे, आणि मोफत संकेतस्थळाची गोष्ट आधी सांगावी.

शंकर डीटीपी, लातूर

सांगितले तर पुढचे काम जाईल. फाइल सहकाऱ्याने काढली, संकेतस्थळवालेही काही तासांत काढतात असे लिहितात.

जुना मुनीम, नांदेड

‘लिहितात’ एवढेच आपल्याला माहीत असते. २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरके या प्रसारण संस्थेने दाखवून दिले की Translate.com या मोफत संकेतस्थळावर लोकांनी टाकलेले मजकूर, त्यांत स्टॅटऑइल कंपनीचाही, गूगलवर शोधून सापडत होते. टेसरॅक्ट हे ओसीआरचे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात मराठी भाषेची फाइल आहे आणि ते आपल्याच संगणकावर चालते. आपल्या स्कॅनवर थोड्या जास्त चुका होतात, पण त्या तपासणे परवडते.

ताई, अनुवाद स्मृतीही तपासा. तुम्ही ओमेगाटी वापरत असाल तर प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नावासकट प्रत्येक वाक्य साध्या मजकुरात पडून असते:

```
grep -c "शिंद" omegat/project_save.tmx
```

त्याच फोल्डरमध्ये `.bak` शेवट असलेल्या जुन्या प्रतीही राहतात. हीच स्मृती पुढच्या अशिलाच्या कामाला जोडली की ‘फिर्यादी सुनीता’ त्याच्या मसुद्यात सुचवणी म्हणून येते. खुणा लावलेल्या मजकुरावर अनुवाद केला तर स्मृतीतही खुणाच जातात, म्हणून मी खुणा काम सुरू होण्याआधी लावतो, शेवटी नव्हे.

उदगीरची अनुवादक

मी आज दुपारी वकिलांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते नाराज झाले, पण उरलेले काम काढून घेतले नाही. संकेतस्थळाला फाइल काढल्याची लेखी खात्री मागण्यास त्यांनी सांगितले आहे. ईमेल केला आहे, उत्तर नाही. स्मृतीत नाव ३७ ठिकाणी निघाले, शिवाय चार `.bak` प्रतींत.

एक गोष्ट अजून ठरत नाही. अनुवादाला कोर्टात आक्षेप आला तर मूळ आणि खुणांची यादी माझ्याकडे असावी लागते, म्हणजे काम संपताच सगळे काढून टाकता येत नाही. वकील म्हणतात, अपिलाचा निकाल लागेपर्यंत ठेवा. ते वर्ष असेल की सात वर्षे, कोणालाही सांगता येत नाही. यादी कूटबद्ध पेनड्राइव्हवर ठेवावी आणि मूळ पाने वकिलांकडेच परत द्यावीत, असा विचार आहे.

जुना मुनीम, नांदेड

पेनड्राइव्ह दोन घ्या, एक बिघडतोच. यादी वकिलांकडेही सीलबंद द्यावी की नाही, यावर माझे आणि येथील एका वकिलांचे गेली दोन वर्षे एकमत झालेले नाही.