वॉर्फरिन चालू असताना हळदीच्या कॅप्सूल, आयएनआर आधी ४.४ मग १.६, मदत हवी आहे

सायली_०७:
बाबा ७९ वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशनमुळे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून, बरीच वर्षं रक्त पातळ करणारं वॉर्फरिन ५ मिग्रॅ रोज, आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो आणि तो २.४ च्या आसपास छान असायचा. शिवाय बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी आणि जुन्या स्टेंटमुळे अ‍ॅस्पिरिन ७५. मध्यंतरी गुडघ्यांसाठी त्यांनी कुणाला न सांगता हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या, कर्क्युमिन ५०० आणि सोबत मिऱ्याचा अर्क, दिवसातून दोनदा. पुढच्या टेस्टला आयएनआर ४.४ आला, हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग. डॉक्टरांनी एक डोस वगळायला सांगून वॉर्फरिन ४ केलं. कॅप्सूलचं त्यांना माहीतच नव्हतं. मग बाबांनी घाबरून कॅप्सूल आपणहून बंद केल्या आणि आता आयएनआर १.६! भाऊ म्हणतो कॅप्सूल परत सुरू करा, लेव्हल होईल. आणि स्मरणशक्तीसाठी जिन्कोची बाटली पण येऊन पडलीय, ती द्यावी का?

निवांत:
एवढं घाबरायचं नाही, वनस्पतीच आहेत. वॉर्फरिन आणि कॅप्सूलमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि आयएनआर तीनच्या आत असला म्हणजे काहीही चालतं.

औषधवाला:
निवांत, अंतर ठेवून उपयोग होतो तो दोन औषधं पोटातच एकमेकांना अडवत असतील तेव्हा. वॉर्फरिन निम्मं व्हायलाच साधारण ४० तास लागतात, म्हणजे ते अंगात कायम असतंच, दोन तासांनी काय फरक पडणार?

सायली, एक विचारतो. ४.४ आला त्याच्या आधी दुसरं काही औषध झालं होतं का? अँटिबायोटिक वगैरे?

सायली_०७:
हो की! लघवीचं इन्फेक्शन झालेलं, को-ट्रायमॉक्साझोलचा पाच दिवसांचा कोर्स. ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलं होतं.

औषधवाला:
मग माझा पहिला संशय त्याच्यावर. को-ट्रायमॉक्साझोल वॉर्फरिनचं यकृतातलं विघटन अडवतं आणि आयएनआर चढवण्यात ते कुप्रसिद्ध आहे. हळदीच्या अर्काबद्दल आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत पण तुरळक, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते आता सांगता येणार नाही. पण ४ मिग्रॅ हा डोस ठरला तेव्हा आयएनआर या दोघांमुळे चढलेला होता, आता अंगात दोन्ही नाहीत आणि डोस मात्र कमीच राहिला, म्हणून १.६. हे कमी आहे, गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा आजच क्लिनिकला फोन करा. कोणती गोष्ट कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी बंद झाली एवढं कागदावर लिहून घ्या. डोस घरी वाढवू नका, बदललेल्या डोसचा खरा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर माणूस आणखी वाढवतो आणि मग एकदम पाच-सहा.

कॅप्सूल परत सुरू करून लेव्हल करणं नको. बाटलीगणिक अर्काचं प्रमाण बदलतं, त्याच्यावर डोस कसा बसवणार. स्वयंपाकातली हळद ही वेगळी गोष्ट, ती नेहमीसारखी असू द्या.

मीनल के:
आमच्या सासूबाई अपिक्साबानवर आहेत, तेही रक्त पातळ करणारंच, पण त्याला आयएनआर लागतच नाही म्हणजे त्यांना हर्बल चालत असेल ना? झोप आणि मूडसाठी सेंट जॉन्स वर्ट घेतात.

औषधवाला:
उलट जास्त काळजी घ्या! सेंट जॉन्स वर्ट ही औषधं शरीरातून लवकर बाहेर काढायला लावते, अपिक्साबान कमी पडतं आणि नेहमीच्या टेस्टमध्ये ते दिसतही नाही. वॉर्फरिनवर निदान आयएनआर खाली आलेला कळतो. डॉक्टरांना लगेच सांगा, पण एकदम बंदही करू नका, तिचा परिणाम ओसरायला दोनेक आठवडे लागतात.

सायली, जिन्को देऊ नका. आयएनआर रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचं काम मोजतो, प्लेटलेट्सचं नाही. जिन्को आणि लसणाच्या कॅप्सूल प्लेटलेट्सवर परिणाम करू शकतात, म्हणजे रिपोर्ट २.४ आणि तरी रक्तस्राव, असं होऊ शकतं. त्यात बाबांना अ‍ॅस्पिरिन आधीच आहे. ते वॉर्फरिनबरोबर अजून लागतंय का हेही विचारा, स्वतः बंद नका करू. शौच डांबरासारखी काळी झाली किंवा डोक्याला मार लागला तर, बरे दिसत असले तरी, थेट इमर्जन्सी.

निवांत:
प्लेटलेट्सचं लक्षात नव्हतं आलं. पण मग गुडघे दुखतात त्याचं काय, म्हाताऱ्या माणसाने सहन करायचं का?

सायली_०७:
फोन झाला. डोस ते ठरवणार आहेत, आठवड्यात परत आयएनआर. अ‍ॅस्पिरिनचं हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाले. गुडघ्यांचा प्रश्न माझाही तसाच आहे, डायक्लोफेनॅक देऊ का?

औषधवाला:
नको! पोटात रक्तस्राव व्हायची भीती. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण रोज २ ग्रॅम वगैरे जात असेल तर त्यानेही आयएनआर चढतो, तेव्हा तेही त्या कागदावर लिहा.