मदत हवी आहे: कोथिंबीर, कढीपत्ता, मिरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर टिकवायच्या आहेत

मृणाल_इंदूर
रविवारी चोइथराम मंडीतून आठवड्याची भाजी आणतो. कोथिंबीर निवडून, धुऊन, चाळणीत निथळून डब्यात भरते. त्याच डब्यात कढीपत्ता नि मिरच्या. बुधवारपर्यंत कोथिंबीर काळी. सकाळी पोह्यांवर घालायला तरी हवीच ना! मधल्या वारी बाजार जमत नाही.

सुलभाकाकू
काळी म्हणजे कशी गं? देठ चिकट होऊन वास येतो, की पानं ओली, पारदर्शक दिसतात?

मृणाल_इंदूर
काकू, दोन्ही. डब्याच्या तळाशी चिकट आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीकडची पारदर्शक.

अनय_७७
इतकं काय! मुळांसकट जुडी पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेवा, फ्रिज लागतच नाही.

सुलभाकाकू
थंडीत चालेल अनय, पण मे महिन्यात इंदूरला ओट्यावर दुपारपर्यंत मान टाकते. पेला फ्रिजमध्ये ठेवून वरून सैल पिशवी घातली तर छान टिकते, पण पाणी बदलत राहावं लागतं आणि मुळं हवीत.
मृणाल, तुझे दोन वेगळे रोग आहेत. निथळली म्हणजे कोरडी झाली असं नाही, पानांच्या घडीत पाणी राहतं आणि तिथूनच सडायला लागते. भाजीवाले आधीच पाणी मारतात, त्यात आपण धुतो! आणल्यावर धुऊ नकोस. पिवळी, चुरगळलेली पानं काढ, सुती फडक्यावर पसर, पंख्याखाली वरचं पाणी जाईपर्यंतच ठेव, कोमेजू देऊ नकोस. मग डब्यात खाली-वर कोरडं फडकं, मध्ये सैल कोथिंबीर, दाबून नाही. बुधवारी फडकं दमट लागलं की बदल. धुवायची ती वापरताना, तेवढीच.
पारदर्शक झालेली गारठली आहे. मागे थंड हवेचा झोत असतो, तिथे पानातलं पाणी गोठतं नि पान फुटतं. डबा खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेव, टोमॅटो-केळ्यांपासून लांब. पिकणाऱ्या फळांजवळ ती लवकर पिवळी पडते.

वडोदरेकर
आमच्याकडे कढीपत्ता सावलीत वाळवून पूड करतात, वर्षभर जाते.

मृणाल_इंदूर
दादा, पूड नकोय, फोडणीला पानं हवीत :)

सुलभाकाकू
कढीपत्ता वेगळ्या डब्यात, कोरडा, डहाळीसकट. आठवडा आरामात जातो. जास्त असेल तर फ्रीजरमध्ये टाक आणि तशीच पानं फोडणीत घाल, फक्त बर्फ झटकून, नाहीतर तेल अंगावर उडतं.

अनय_७७
आणि मिरच्या? आमची आई देठ काढूनच ठेवते.

सुलभाकाकू
मीही काढते, देठाशीच बुरशी धरते म्हणून. एखादी मऊ निघाली की लगेच बाजूला काढायची.

वडोदरेकर
मी नाही काढत. देठ तुटला की तिथे जखम होते, तिथूनच सडते. देठ कोरडा असला की झालं.

मृणाल_इंदूर
या रविवारी अर्ध्या तशा, अर्ध्या अशा ठेवते.