मदत हवी आहे: z = 0 ठेवल्यावर वर्तुळ का मिळत नाही?

मुलीला त्रिमितीय निर्देशक शिकवतोय आणि मीच अडकलोय. गोलाचं केंद्र (2, −1, 3) आणि पृष्ठभागावरचा एक बिंदू (4, 1, 4). अंतराच्या सूत्राने त्रिज्या √(4+4+1) = 3. समीकरण:

(x−2)² + (y+1)² + (z−3)² = 9

आधी तिने (y−1)² लिहिलं होतं. तोच बिंदू टाकून पाहिला तर 9 ऐवजी 5 आले, तेव्हा चिन्हाची चूक सापडली. इथवर ठीक.

पुढचा प्रश्न: हा गोल XY प्रतलाला कुठे छेदतो? z = 0 ठेवलं की उरतं (x−2)² + (y+1)² = 0. म्हणजे फक्त (2, −1, 0) हा एकच बिंदू! y = 0 ठेवलं तर मात्र 2√2 त्रिज्येचं छान वर्तुळ मिळतं. मुलगी म्हणते, "बाबा, तुमचंच चुकलंय."

मला वाटतं, केंद्राची उंची 3 आणि त्रिज्याही 3, म्हणून गोल जमिनीवर ठेवलेल्या चेंडूसारखा प्रतलाला नुसता टेकतोय. बरोबर ना? आणि प्रतल 2x + y + 2z = 0 असं तिरकं असेल तर केंद्रापासूनचं अंतर कसं काढायचं?