मदत हवी आहे: इन्सर्ट आधी की क्लोज-अप आधी?

माझ्या लघुपटातील एका संवादविरहित प्रसंगात मुलगी रिकाम्या घरात येते आणि वडिलांच्या टेबलाच्या खणात तिला घर विकल्याचा कागद सापडतो. तिच्या एकटेपणासाठी एक्स्ट्रीम वाइड, खण उघडण्याच्या कृतीसाठी कमरेपासून वरचा मिड शॉट आणि कागदासाठी इन्सर्ट, म्हणजे फक्त तो कागद जवळून दाखवणारा शॉट, एवढे ठरले आहे. अडचण पुढेच आहे. इन्सर्ट आधी ठेवल्यास प्रेक्षकाला बातमी तिच्याबरोबरच कळते, तर चेहऱ्याचा क्लोज-अप आधी ठेवल्यास तिने काय पाहिले याची उत्सुकता ताणली जाते. (मिड शॉटमध्येच मजकूर वाचता आला, तर मात्र इन्सर्टला नवे सांगण्यासारखे काही उरणार नाही.) आपण कोणता क्रम निवडाल, आणि प्रतिक्रियेसाठी साध्या क्लोज-अपवर थांबाल की डोळ्यांच्या एक्स्ट्रीम क्लोज-अपपर्यंत जाल?