मदत हवी आहे: सराफ्यातली गाडी, क्यूआरची वसुली आणि बँकेचं स्टेटमेंट काही केल्या जुळत नाही

खिचडीवाल्यांची_सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदुरात सराफ्यात आमची साबुदाणा खिचडीची गाडी आहे, हिवाळ्यात सोबत गराडू. सोनारांची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यासमोर आमचा पसारा लागतो. नऊच्या सुमारास सुरू होतं ते रात्री दीडपर्यंत. गाडी नवरा आणि सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) बघतात, हिशोब माझ्याकडे.

क्यूआर एका पेमेंट कंपनीचा आहे, सोबत बोलणारा डबाही दिलाय. क्यूआरवर आलेली प्रत्येक रक्कम अण्णा वहीत मांडतात. कंपनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकच मोठी रक्कम आमच्या चालू खात्यात टाकते. मला वाटलं, आदल्या रात्रीची वहीची बेरीज आणि सकाळी आलेली रक्कम जुळली की झालं.

शनिवारची वही 19,060. रविवारी सकाळी बँकेत आले 15,672. म्हणजे 3,388 रुपये कमी!
रविवारची वही 14,690. सोमवारी आले 16,338.64. म्हणजे 1,648.64 जास्त!

कमी आले तर कोणीतरी खाल्ले म्हणता येतं, पण जास्त कुठून आले? आणि ते चौसष्ट पैसे? आम्ही एक प्लेटसुद्धा पैशांत विकत नाही. नवरा म्हणतो अण्णांची बेरीज चुकते, अण्णा दोन दिवस जेवताना बोलत नाहीयेत. कृपया मदत करा.

भिया_छप्पन

ताई, डोकं लावू नका. कंपन्या दोन टक्के कापतात, सगळ्यांचेच कापतात. माझ्या ज्यूसच्या दुकानाचेही कापले. यूपीआय फुकट हे सांगायला असतं. चौसष्ट पैसे हाच पुरावा.

खिचडीवाल्यांची_सून

दादा, 19,060 चे दोन टक्के म्हणजे चारशेच्या आत. माझे तीन हजारांच्या वर कमी आहेत. आणि रविवारचं काय, तेव्हा कंपनीने स्वतःच्या खिशातून घातले का?

चिंतातुर_व्यापारी

माझा सल्ला, क्यूआर काढूनच टाका. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. आज हिशोब जुळवाल, उद्या तोच हिशोब तुमच्यावर उलटेल.

लष्करवाले_काका (ग्वाल्हेर)

चिंतातुरराव, त्यांचा प्रश्न कराचा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

सूनबाई, मी बँकेत सदतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी अशाच जुळवाजुळवीत गेली. मला एक सांगा. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी कधी त्या ॲपमधला ‘आजची वसुली’ हा आकडा पाहिलाय?

खिचडीवाल्यांची_सून

नाही काका, फोन ह्यांच्याकडे असतो. आत्ता विचारलं. म्हणाले, “हो, बारा वाजले की तो शून्यावर येतो, मला वाटलं ॲप अडकतं.”

लष्करवाले_काका

ॲप अडकत नाही. त्याची तारीख बदलते, तुमची बदलत नाही. तुमचा शनिवार रविवारी पहाटे दीडला संपतो, कंपनीचा मध्यरात्रीच. म्हणजे रविवारी सकाळी तुम्हाला मिळाले शुक्रवारच्या बारानंतरचे आणि शनिवारच्या बाराआधीचे. शनिवारी बारानंतर जी खिचडी गेली तिचे पैसे सोमवारी आले. शनिवारी बारानंतर गर्दी, म्हणून रविवारी कमी दिसले आणि सोमवारी जास्त.

आता असं करा. ॲपमधून तीन दिवसांचा व्यवहारांचा रिपोर्ट उतरवून घ्या. त्यात प्रत्येक व्यवहाराची वेळ असते. मध्यरात्रीला रेघ मारा आणि पाच तुकड्यांची बेरीज इथे टाका: शुक्रवार बारानंतर, शनिवार बाराआधी, शनिवार बारानंतर, रविवार बाराआधी, रविवार बारानंतर. शिवाय ॲपमध्ये सेटलमेंट म्हणून वेगळा भाग असेल. त्यात रोजच्या रकमेवर बोट ठेवलं की एकूण किती, कापले किती, कशापायी कापले, हे उघडतं. तेही बघा.

मंगळबाजार_कापडवाला (वडोदरा)

काकांचं बरोबर असेल, पण माझं दुकान साडेनऊला बंद होतं, मध्यरात्रीचा प्रश्नच नाही, तरी जुळत नाही. परवा एका बाईंचं पेमेंट फिरत राहिलं, त्यांनी पुन्हा केलं, नंतर डबा दोनदा बोलला. मी 1,450 रोख परत दिले. आता क्यूआरची वसुली विक्रीपेक्षा जास्त आणि गल्ला कमी. मुलगा माझ्याकडे संशयाने बघतो.

लष्करवाले_काका

शेठ, दोन्ही पेमेंट खरोखर जमा झाली होती की नाही हे आधी ॲपमध्ये बघा. झाली असतील तर रोख न देता त्याच व्यवहारावर जाऊन रिफंड करायचा. मग तो पुढच्या सेटलमेंटमधून वजा होतो आणि कागदावर दिसतो. या वेळेपुरतं वहीत लिहा, ‘दुबार जमा, रोख परत’. मुलाचीही सही घ्या त्यावर.

खिचडीवाल्यांची_सून

काका, रात्री बसून केलं. आकडे असे निघाले:

शुक्रवार बारानंतर 2,310
शनिवार बाराआधी 13,480
शनिवार बारानंतर 5,160
रविवार बाराआधी 11,240
रविवार बारानंतर 3,450

रविवारी सकाळच्या सेटलमेंटमध्ये एकूण 15,790, त्यातून डब्याचं महिन्याचं भाडं 100 आणि त्यावर जीएसटी 18 कापले. उरले 15,672. बँकेत तेवढेच!

सोमवारच्या सेटलमेंटमध्ये एकूण 16,400, कापले 61.36. रविवारी एकाने घरच्या कार्यक्रमासाठी 2,600 ची खिचडी बांधून नेली होती, त्याच्यासमोर ‘क्रेडिट कार्ड’ लिहिलंय. 52 रुपये आणि त्यावरचा कर. पैसे तिथून आले.

पण शनिवारचे दोन तुकडे मिळून 18,640 होतात आणि अण्णांची वही 19,060 म्हणते. 420 चा फरक उरलाच. रविवारची वही मात्र ॲपशी तंतोतंत.

भिया_छप्पन

बघा, कापलेच ना! मी काय म्हटलं होतं?

लष्करवाले_काका

भिया, अर्धं बरोबर. बँक खात्यातून सरळ झालेल्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, जानेवारी 2020 पासून. पण रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी दोन हजारांच्या वरचं बिल दिलं तर शुल्क लागतं. कंपनीच्या वॉलेटमधून आलेल्या मोठ्या रकमेचंही तसंच काहीसं. तुमच्या ज्यूसच्या दुकानात दोन हजारांचा ज्यूस कोणी पीत नसणार, तेव्हा तुमचे बहुधा डब्याच्या भाड्याचेच गेलेत. सेटलमेंट उघडून बघा.

सूनबाई, 420 बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधत बसू नका. तिथे रोजची एकच ओळ असते आणि तिचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, कंपनीने पाठवलेल्या ठोक रकमेचा असतो, गिऱ्हाइकाचा नव्हे. वही आणि ॲपचा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि एकेक रकमेवर टिचकी मारत जा. वहीत आहे पण रिपोर्टात नाही, अशा रकमा किती निघतात?

खिचडीवाल्यांची_सून

दोन. 240 आणि 180. दोन्ही साडेअकराच्या आसपास, तेव्हा गाडीसमोर पाय ठेवायला जागा नसते आणि शेजारच्या कढईच्या आवाजात डबा ऐकू येत नाही. अण्णा म्हणतात गिऱ्हाइकाने हिरवी खूण दाखवली, म्हणून लिहिलं.

लष्करवाले_काका

हिरवी खूण कोणाच्या नावावर पडली ते पाहिलं का त्यांनी? गाडीवर दुसरा एखादा क्यूआर आहे का, जुना?

खिचडीवाल्यांची_सून

काका!! आहे. मिक्श्चरच्या बरणीमागे काचेला आतून चिकटवलेला. कंपनीचा क्यूआर यायच्या आधी अण्णांनी स्वतःच्या बचत खात्याचा लावला होता, तो काढायचाच राहिला. 240 वाले आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, मल्हारगंजातले. काल रात्री त्यांचा फोन बघितला. पैसे घेणाऱ्याच्या जागी दुकानाचं नाव नाही, अण्णांचं पूर्ण नाव! अण्णांच्या पासबुकात छापून घेतलं, शनिवारचे 240 जमा आहेत. तो कागद आजच खरवडून काढला. अण्णांनीच काढला, आणि आज जेवताना मीठ मागितलं.

180 वाला मात्र कोण होता कोणाला आठवत नाही. अण्णांच्या पासबुकातही नाही.

लष्करवाले_काका

उत्तम. 180 च्या दोन शक्यता. एक, त्याच्या खात्यातून गेले पण कंपनीपर्यंत पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे, दुकानाच्या पेमेंटमध्ये असं झालं तर पाच दिवसांत पैसे गिऱ्हाइकाला आपोआप परत गेले पाहिजेत, नंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणजे पैसे त्याच्याकडे परतले असतील आणि तुमची खिचडी गेली. दोन, दाखवलेला पडदा खोटा होता. तो माणूस पुन्हा आला तरच कळेल. आला तर त्याच्या फोनमधला बारा आकडी यूटीआर लिहून घ्या आणि कंपनीकडे तक्रार टाका. नुसत्या हिरव्या खुणेच्या फोटोवर ते काही शोधत नाहीत.

रोजमेळात ‘क्यूआर येणे’ असं एक खातं उघडा. वहीतली विक्री त्यात येणे म्हणून लिहा. बँकेत आलेली रक्कम, भाडं आणि शुल्क त्यातून वजा करत जा. तुमच्याच आकड्यांवर बघा. शुक्रवार बारानंतरचे 2,310 आधीचे येणे, त्यात वहीचे 19,060 आणि 14,690, झाले 36,060. त्यातून 15,790 आणि 16,400 ही दोन्ही सेटलमेंट कापलेल्यासकट वजा, अण्णांच्या खात्यातले 240 वजा. उरले 3,630. सोमवारी सकाळी कंपनीकडे खरोखर अडकलेले फक्त रविवार बारानंतरचे 3,450. वरचे 180, तुमचा तो पाहुणा. रोज सकाळी बँकेची रक्कम लिहून झाल्यावर या खात्यात फक्त आदल्या रात्री बारानंतरची वसुली उरली पाहिजे. जास्त उरली तर त्याच दिवशी शोधा, आठवड्याने गिऱ्हाईक आठवत नाही.

आर्टिकलशिप_चालू

काका, एक शंका. वही रात्रीच्या पाळीची ठेवली तरी बारानंतरची विक्री पुस्तकात पुढच्या तारखेलाच जायला हवी ना? नाहीतर 31 मार्चच्या रात्री एकच पाळी दोन आर्थिक वर्षांत सापडेल.

लष्करवाले_काका

तुमचं बरोबर आहे. पण रात्री दीडला गल्ला मोजताना अण्णांना दोन बेरजा करायला लावणं मला तरी जमणार नाही. मी म्हणेन, रोज पाळीने आणि 31 मार्चला तेवढी मध्यरात्री रेघ. तुमचे सर काय म्हणतात विचारून सांगा.

आर्टिकलशिप_चालू

सर म्हणतात रोजच तारखेने. कारण विचारलं तर फाईल पुढे केली.

खिचडीवाल्यांची_सून

आमचे बिलं बघणारे काका आणि इथले काका यांची गाठ घालून देईन 😀 तोवर अण्णांनी वहीत स्वतःच उपाय काढलाय. राजवाड्याच्या बाजूचे लोक पांगायला लागले की घड्याळ बघतात आणि बारा वाजले की लाल पेनने आडवी रेघ मारतात. कालच्या रेघेखाली 1,980, ॲपमध्येही 1,980. 180 वाला अजून आलेला नाही.