प्रतिसाद: होड्या वाढवून काय होणार?

> कार्निटाइनच चरबी मायटोकॉन्ड्रियात नेतं ना? मग जास्त घेतलं की जास्त जळणारच.

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. कार्निटाइन ही होडी आहे. चरबीतलं लांब साखळीचं फॅटी आम्ल मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत चरबी जाळणाऱ्या भट्टीच्या, आतल्या पडद्यातून एकटं जात नाही. बाहेरच्या पडद्यावरचं सीपीटी-१ हे एन्झाइम त्याला कार्निटाइनवर बसवतं, आत सीपीटी-२ उतरवून घेतं आणि रिकामी होडी परत फिरते. म्हणजे तेच कार्निटाइन पुन्हा पुन्हा वापरात येतं, आणि निरोगी माणसात ते सहसा कमी पडत नाही. अडतं ते सीपीटी-१ च्या फाटकाशी. आपण भाकरी, शेंगाचटणी हाणून जिमला गेलो की इन्सुलिन वाढतं, पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं रसायन तयार होतं आणि ते हे फाटक आवळतं. तेव्हा काठावर होड्या कितीही उभ्या करा.

शिवाय त्या होड्या काठापर्यंत पोचतही नाहीत. जुळे सोलापुरात जिमला जायचो तेव्हा मीही दोन महिने रोज २ ग्रॅम कार्निटाइन घेतलं. एवढ्या डोसातलं जेमतेम १५ टक्के, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, रक्तात येतं. त्यातलं बरंचसं मूत्रपिंड बाहेर टाकतं. स्नायूंतला साठा जवळपास तेवढाच राहतो. न शोषलेल्या भागापासून आतड्यातले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन बनवतात, त्याला मासळीचा वास येतो. वजन होतं तिथंच, पण घामाच्या वासानं बायकोनं बनियन वेगळ्या बादलीत टाकायला लावले. जन्मजात कार्निटाइन-कमतरता असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ते औषधच आहे.