रबाळ्यातल्या युनिटसाठी खोक्यांची कोटेशनं मागवायची आहेत, चौकशीपत्रावर मदत हवी

वैदेही_रबाळे

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं नळ आणि बाथरूम फिटिंगचं लहान युनिट आहे, खरेदीचं काम माझ्याकडे असतं. महिन्याला साधारण २,००० कोरुगेटेड खोकी लागतात. इतकी वर्षं एकाच माणसाला फोन केला की माल यायचा. आता त्याने भाव वाढवलाय, म्हणून शेठ म्हणाले चार ठिकाणी विचारून बघ. मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर हे पाठवलं:

"५ प्लाय खोकं, १६×१२×१०, २,००० नग, एक रंगात छपाई, पेमेंट ६० दिवसांनी. लवकरात लवकर कोटेशन पाठवावे."

तिघांची उत्तरं आली. भिवंडीवाला म्हणतो ३१ रुपये, गेटपोच. वसईवाला ३६.५०, गेटपोच. महाप्याचा ३४, पण माल त्याच्या दारातून उचलायचा, पैसे आगाऊ आणि छपाईच्या ठशाचे, म्हणजे स्टिरिओचे, एकदाच ३,००० वेगळे. चौथा अजून "देतो देतो" करतोय. शेठचा कल अर्थातच ३१ कडे आहे.

मला भीती वेगळीच आहे. एका खोक्यात १२ किलो माल असतो, गोदामात सातची थप्पी लागते आणि पावसाळ्यात खालची खोकी बसतात. स्वस्त घेऊन ते वाढलं तर ओरडा मला. नव्याने चौकशीपत्र पाठवायचं तर त्यात काय काय लिहू? आणि आलेले भाव एकमेकांशी ताडून कसे बघायचे?

पॅकवाला

सोप्पं आहे ताई. नगावर भाव मागूच नका, किलोवर मागा. खोकं म्हणजे कागद, आणि कागद किलोवर विकला जातो. किलोचा भाव कळला की कोण लुटतंय ते लगेच दिसतं. आम्ही तुर्भ्यात असंच करतो.

सचिव_कासारवडवली

आमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम काढलं तेव्हा सीलबंद निविदा मागवल्या, अनामत रक्कम घेतली आणि सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर पाकिटं फोडली. तुम्हीही तसंच करा, नाहीतर उद्या कमिटीवर आरोप होतात. तरी आमच्याकडे सर्वात कमी भाववाल्याने प्रायमर न मारताच रंग लावला, ते प्रकरण अजून चालू आहे. त्यावर कुणी सल्ला देईल का?

वैदेही_रबाळे

@सचिव, काका, आमच्याकडे कमिटी नाही, शेठ एकटेच आहेत :) अनामत मागितली तर खोकीवाले फोनच उचलणार नाहीत.

@पॅकवाला, तिघांचीही सॅम्पल आहेत माझ्याकडे. वजन करून सांगते.

क्राफ्टकाका

मी बॉक्स प्लांटमध्ये आयुष्य काढलंय, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तुमचा मेसेज मला आला असता तर मीही आधी ३१ च सांगितले असते. तुम्ही कागद सांगितलेला नाही, मग मी माझ्या सोयीचा घालणार. "५ प्लाय" म्हणजे पाच थर एवढंच झालं. ते थर १२० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचे, की १५० चे, आणि कागदाची फुटण्याला तग धरायची ताकद सांगणारा बीएफ १६ की १८, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

तुमच्याच मापावर हिशेब करून दाखवतो. १६×१२×१० इंच म्हणजे साधारण ४००×३००×२५० मिलिमीटर धरू. शीटची लांबी दोन्ही बाजूंची दुप्पट अधिक जोडपट्टी, म्हणजे १,४५० मिलिमीटर. रुंदी ३०० अधिक २५० आणि थोडी सूट, म्हणजे ५७०. क्षेत्रफळ आलं ०.८३ चौरस मीटरच्या आसपास.

आता सपाट तीन थर १५० जीएसएमचे धरले तर ४५०. नागमोडी दोन थर १२० चे, पण नागमोडीत कागद जास्त जातो, म्हणून सरासरी १.४ ने गुणा, ते ३३६. बेरीज ७८६. खोक्याचं वजन ६५० ग्रॅमच्या जवळ यायला हवं. सगळेच थर १२० चे घातले तर तेच खोकं ५७५ ग्रॅमला उतरतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

ताकदीचंही तसंच. सपाट थर १५० जीएसएम, १८ बीएफचे आणि नागमोडी १२० जीएसएम, १६ बीएफचे असतील तर बर्स्टिंग कागदावर १० येतं. सगळं १२० जीएसएम, १६ बीएफ असेल तर ७.७. मशीनवर प्रत्यक्षात थोडं घटतं, म्हणून चौकशीपत्रात "किमान ९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर" लिहा. दहा लिहाल तर चांगला माणूस विचारात पडेल आणि वाईट माणूस बिनधास्त हो म्हणेल.

वैदेही_रबाळे

काका, वजनं केली. भिवंडी ५७०, वसई ६५५, महापे ६४०. म्हणजे भिवंडीचा आकडा तुमच्या १२० च्या हिशेबाला लागूनच आहे!

पण एक गंमत बघा. @पॅकवाला यांच्या पद्धतीने किलोवर काढलं तर भिवंडी ५४.४० आणि वसई ५५.७०. नगावर साडेपाच रुपयांचा फरक आणि किलोवर सव्वा रुपयाचा. मग वसईवाला महाग नाहीच म्हणायचा?

पॅकवाला

बघा, मी काय म्हणत होतो!

क्राफ्टकाका

पॅकवाला, इथवर तुमचं बरोबर. पण फक्त किलोवर ऑर्डर दिलीत तर पुढच्या खेपेला मी १८० जीएसएमचा, १४ बीएफचा हलक्या प्रतीचा कागद घालीन. वजन भरेल, ताकद भरणार नाही, बिल मात्र वाढेल. त्यात पावसाळ्यात दमट माल दिला तर पाण्याचेही पैसे लागतात. किलोचा भाव तपासायला वापरा, मागवायला नको. मागवताना भाव नगावर आणि शेजारी तीन आकडे: प्रत्येक थराचा जीएसएम-बीएफ, खोक्याचं किमान वजन, ओलावा १० टक्क्यांच्या आत. तिन्ही एकत्र पाळायचे म्हटलं की पळवाट फारशी उरत नाही.

माप मिलिमीटरमध्ये आणि "आतलं" असं स्पष्ट लिहा. पाच प्लायच्या भिंतीची जाडी धरली तर आतल्या-बाहेरच्या मापात सेंटिमीटरभराचा फरक पडतो. तुमचा माल बसला नाही तर दोघंही बरोबर ठरता, आणि भांडण तुमच्या दारात.

नग २,००० लिहिता तेही अपुरं आहे. वर्षाचे अंदाजे २४,०००, दरमहा २,००० चं शेड्यूल, असं लिहा. एकदाच २,००० म्हटलं की आम्ही सेटिंगचा सगळा खर्च त्याच मालावर टाकतो. आणि नग कमीजास्त होण्याची मर्यादा घाला, समजा ५ टक्के. नाहीतर २,३०० येतात आणि "बनले तेवढे पाठवले" असं ऐकावं लागतं.

हिशेबनीस_ठाणे

मी सीए फर्ममध्ये आहे, खोक्यांतलं कळत नाही. पण ६० दिवस वाचून थांबले. हे पुरवठादार उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असतील, आणि खोकीवाले बहुतेक असतातच, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वर्षअखेरीला असं बिल मुदत उलटून थकलेलं असेल तर आयकरात तो खर्च पैसे देईपर्यंत धरता येत नाही. चौकशीपत्रात ४५ च लिहा आणि उद्यम क्रमांक मागवा.

दुसरं, जीएसटी. तुम्हाला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तुलना जीएसटी सोडून करा. कोणी लहान व्यावसायिकांच्या कंपोझिशन योजनेत असेल तर तो वेगळा कर लावणार नाही, पण त्याच्याकडून क्रेडिटही मिळणार नाही. इतरांच्या मूळ भावासमोर त्याचा पूर्ण भाव ठेवायचा. तो कर लावत नाही म्हणजे तेवढा स्वस्त, असं धरू नका.

वैदेही_रबाळे

हे कोणीच सांगितलं नव्हतं! महाप्याचं असं मांडलंय, बघा जमतंय का. भाव ३४. टेम्पो आणि हमाली मिळून २,२०० रुपये, २,००० नगांवर १.१० प्रत्येकी. वसईवाला ३० दिवसांनी पैसे घेतो, हा आगाऊ, म्हणून महिन्याला १ टक्का व्याज धरून ३४ पैसे. स्टिरिओचे ३,००० वर्षाच्या २४,००० नगांवर वाटले तर साडेबारा पैसे. एकूण ३५.५७ च्या घरात. वसईच्या ३६.५० पेक्षा अजूनही ९३ पैसे कमी.

क्राफ्टकाका

मांडणी बरोबर. पण महाप्याने कागद कुठला ते लिहून दिलंय का? ६४० ग्रॅम वजन १५० चं दिसतं, बीएफ वजनावरून कळत नाही. एक सॅम्पल अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये तपासून घ्या. आधी अटी पाळतो की नाही ते बघा. जो पाळत नाही त्याचा भाव तक्त्यात घ्यायचाच नाही, मग तो ३१ असो की २५. उरलेल्यांत गेटपोच खर्च ज्याचा कमी, त्याला ऑर्डर. ही पद्धत चौकशीपत्राच्या शेवटी लिहूनच टाका, म्हणजे नंतर "मी स्वस्त होतो, मला का नाही" हे फोन येत नाहीत.

थप्पीवाला

मंडळी, बर्स्टिंगवर इतका वेळ गेला, पण बाईंची अडचण थप्पीची आहे. बर्स्टिंग म्हणजे खोकं फुटायला लागणारा दाब. थप्पीखाली खोकं बसतं ते उभ्या भिंती वाकून, तिथे कॉम्प्रेशन लागतं. सातची थप्पी म्हणजे खालच्यावर सहा खोकी, ७२ किलो. दमट हवा आणि आठवडे पडून राहणं धरून चौपट घ्या, २९० किलोच्या आसपास कॉम्प्रेशन मागा. कागद कुठला घालायचा ते त्यांनाच ठरवू दे.

क्राफ्टकाका

मुद्दा खरा आहे. पण लहान प्लांटकडे कॉम्प्रेशनचं मशीन नसतं. आकडा लिहून देतील, तपासणार कोण? मी दोन्ही लिहीन, कागदही आणि कॉम्प्रेशनही.

थप्पीवाला

दोन्ही लिहिलं आणि कागद बरोबर असूनही कॉम्प्रेशन भरलं नाही, तर जबाबदार कोण? तो म्हणेल, कागद तुम्हीच सांगितला होता. एकच धरा.

क्राफ्टकाका

मग आकडा तपासायचा खर्च दर लॉटला कोण करणार तेही लिहा. मला तरी ते रबाळ्याच्या लहान युनिटला परवडेलसं वाटत नाही.

वैदेही_रबाळे

तुमचं भांडण मिटेपर्यंत मी कागद, वजन, ओलावा आणि बर्स्टिंग नक्की लिहिते. कॉम्प्रेशनसाठी पहिल्या लॉटमधली काही खोकी आमच्या खर्चाने तपासायची अट घालते. मसुद्याचा मुख्य भाग असा झालाय:

"आतलं माप ४००×३००×२५० मिमी. ५ प्लाय, सपाट तिन्ही थर १५० जीएसएम १८ बीएफ, नागमोडी दोन्ही १२० जीएसएम १६ बीएफ. किमान वजन ६३० ग्रॅम, बर्स्टिंग किमान ९, ओलावा कमाल १०%. वर्षाला अंदाजे २४,००० नग, दरमहा २,०००, फरक ±५%. २५ चे बंडल, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रबाळे गेटपोच, ऑर्डरनंतर ७ दिवसांत. भाव, भाडं, स्टिरिओ, जीएसटी वेगवेगळे लिहावेत. पेमेंट ४५ दिवस. अटी न पाळणाऱ्याचा भाव धरला जाणार नाही. उरलेल्यांची तुलना जीएसटी सोडून गेटपोच खर्चावर, उधारीच्या दिवसांचं व्याज धरून."

राहिला एकच प्रश्न. भाव किती दिवस धरून ठेवायला सांगू? वर्षभर म्हटलं तर वसईवाला आत्ताच नाही म्हणाला, क्राफ्टचा भाव महिन्याला हलतो म्हणे.

क्राफ्टकाका

तीन महिने मागा. आणि भाव बदलायचा झाल्यास मिलचं जुनं आणि नवं बिल दोन्ही दाखवावं, असं लिहा. वाढताना सगळे दाखवतात. उतरताना मात्र तुम्हालाच मागावं लागेल.

सचिव_कासारवडवली

प्रायमरचं कोणी सांगेल का?